डिपॉझिट ९,०००, नळ आठव्या दिवशी

मे संपत आला की आपल्या लातुरात एक वेगळाच बाजार भरतो. नीटची परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी होते, जुनी पोरं गाद्या-बादल्या बांधून गावी जातात आणि जूनमध्ये नवी पोरं येतात. उद्योग भवन, सिग्नल कॅम्प, औसा रोड, जिकडं बघावं तिकडं विजेच्या खांबाला 'रूम भाड्याने देणे आहे' असे कागद चिकटलेले असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दर पाच मिनिटाला एक पोस्ट. सगळ्या पोस्ट एकाच साच्यातल्या. 'प्रशस्त हवेशीर रूम, २४ तास पाणी, क्लासेसपासून ५ मिनिटे, घरगुती वातावरण, त्वरित संपर्क.'

पंधरा-सोळा वर्षं पेपरात काम करतोय. या विषयावर दरवर्षी जूनमध्ये एक बातमी ठरलेली. एजंट कसे फसवतात, डिपॉझिट कसं बुडतं, पालकांची कशी लूट होते. चार पालकांचे फोटो, दोन कोट, झाली बातमी. त्यामुळं गेल्या वर्षी मेच्या अखेरीस एका ग्रुपवर पुढची पोस्ट वाचली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय.

'एक रूम, दोन मुलांसाठी. भाडं ४,०००. डिपॉझिट ८,०००. रूम सोडल्यावर १५ दिवसांत परत, तुटफूट झाली तर बिल दाखवून तेवढंच कापणार. संडास-बाथरूम बाहेर, दोन रूममध्ये एक. नळ आठ दिवसांतून एकदा, एरवी बोअरचं जड पाणी, प्यायला जार विकत घ्यावा लागेल. रूम पश्चिमेला आहे, एप्रिल-मेमध्ये तापते. ट्यूशन एरियापर्यंत चालत २२ मिनिटं. रात्री साडेनऊनंतर शेअर रिक्षा मिळत नाही. माझं कमिशन १५ दिवसांचं भाडं, रूम पसंत पडली तरच.'

मी दोनदा वाचलं. रूम तापते असं कुणी जाहिरातीत लिहितं का? खाली नंबर होता. फोन न करता मी सरळ रूम बघायला गेलो. पत्रकाराची खोड. चांगलं काही दिसलं की आधी वाटतं, यात काहीतरी गोम असणार.

ट्यूशन एरियातून घड्याळ लावून चालत निघालो. २४ मिनिटं लागली. दोन मिनिटं माझ्या पोटाची धरा. संडास बाहेर, दोन रूममध्ये एक. बरोबर. पाण्याची चव घेतली, जडच होतं. भिंतीला दुपारी चार वाजता हात लावला तर तव्यासारखी. सगळं जसंच्या तसं. एकच गोष्ट सापडली. रूमच्या खाली पिठाची गिरणी होती आणि पोस्टमध्ये तिचा उल्लेख नव्हता. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. फोन लावला आणि म्हटलं, "गिरणी लपवली तुम्ही."

पलीकडून शांत आवाज आला. "लपवली नाई साहेब. मी सकाळी सातला गेलतो बघायला, तवा बंद होती. गिरणी कधी चालू असते, विचारलं का तुम्ही?"

विचारलं नव्हतं. त्यांनीच विचारलं असणार, कारण संध्याकाळी त्याच पोस्टखाली एक ओळ वाढली होती. 'खाली पिठाची गिरणी आहे, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७ आवाज येतो. त्या वेळेत क्लासला असणाऱ्यांनाच सोयीची.'

या माणसाला पोरं 'रूमवाले मामा' म्हणतात. वय पन्नाशीपुढं. पूर्वी एका मेसमध्ये डबे पोचवायचे, त्यामुळं गल्लीबोळ पाठ. त्यांचं नाव इथं देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, "नाव आलं की मालक लोक रूम द्यायचे बंद होतील. आधीच निम्मे चिडलेत."

मी विचारलं, असं लिहून धंदा कसा होतो? तर त्यांनी हिशोबच सांगितला. खोटी पोस्ट टाकली की पंधरा जण बघायला येतात. प्रत्येकाला गाडीवर बसवून न्यायचं. चौदा जण संडास बघून परत. पेट्रोल मामांचं, ऊन मामांचं. आणि जो पंधरावा घेतो तो दोन महिन्यांत भांडून सोडतो, की मालक परत मामांच्याच मागं. खरी पोस्ट टाकली की तीन-चारच फोन येतात, पण येणारा मनाची तयारी करून येतो. चारातले दोन घेतात आणि वर्षभर राहतात. "मी काई साधू नाई साहेब," ते म्हणाले, "मला परवडतं म्हनून लिहितो."

पण ते सगळीकडं परवडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. अगदी क्लासच्या समोरच्या इमारतींतले मालक त्यांना रूम देतच नाहीत. त्यांना गरजच नाही, तिथं रांग असते. मामांकडं येतात त्या आतल्या गल्लीतल्या, लांबच्या, वरच्या मजल्यावरच्या रूम.

इथपर्यंत एक चांगली बातमी होती. खरंतर लिहायलाही घेतली होती. पण गोष्ट पुढं माझ्याच घरात आली, म्हणून ती बातमी न होता ही पोस्ट झाली.

आमचं घर औसा रोडच्या आतल्या बाजूला आहे. वर एक खोली आहे, दहा बाय बाराची. दरवर्षी दोन पोरांना देतो. पत्रकाराच्या पगारात घर कसं चालतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या खोलीचं महत्त्व सांगायला नको. गेल्या वर्षी पोरं मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेली होती, खोली रिकामी होती. म्हटलं, मामांनाच सांगू. आपण काय लपवणार आहोत?

मामा आले. हातात शाळेची वही. बसले, चहा घेतला आणि एकेक प्रश्न सुरू.

पहिला प्रश्न पाण्याचा. मी म्हटलं, "पाण्याचा काही प्रश्न नाही." त्यांनी वहीतून मान वर केली. "टाकी किती लिटरची? हौद किती? घरात माणसं किती?" वरची टाकी हजार लिटरची, खालचा हौद तीन हजारांचा. आम्ही चौघं आणि वरची दोन पोरं, सहा माणसं. मामांनी वहीत लिहिलं. माणशी शंभर लिटर धरलं तर दिवसाला सहाशे. चार हजाराला सहाशेनं भागलं की साडेसहा दिवस. आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी. म्हणजे दर आठवड्याला दीडेक दिवस बोअरवर, आणि मेमध्ये आमचा बोअर थेंब थेंब टाकतो. तेव्हा टँकर. "मग 'पाण्याचा प्रश्न नाही' कसं लिहू?" ते म्हणाले.

खरं सांगतो, लाज वाटली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या गावात आली, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, तेव्हा ती बातमी द्यायला मी स्टेशनवर उभा होतो. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली आपण पाहिलीय. आणि तोच मी दहा वर्षांच्या आत 'पाण्याचा काही प्रश्न नाही' असं सहज बोलून गेलो. घर मालकीचं झालं की जीभ अशी वळते.

दुसरा प्रश्न लाइटचा. वरच्या खोलीला सबमीटर आहे. पोरांकडून युनिटला १४ रुपये घ्यायचो. सगळेच घेतात. मामा म्हणाले, "महावितरणचं शेवटचं बिल आणा." आणलं. त्यांनी बिलाची एकूण रक्कम घेतली आणि एकूण युनिटनं भागली. पावणेअकरा रुपये निघाले.

इथं मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी आणि मामांनी ती मला समजावली. घरगुती मीटरला पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटचा जवळजवळ दुप्पट. आमचं घराचं १४० युनिट, वरच्या पोरांचं ६०. मीटर एकच असल्यामुळं पोरांचे साठही युनिट महागाच्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून पोरगं म्हणतं, 'काका, गावाकडं तर सहा रुपये पडतात', तेव्हा तेही खरं असतं आणि मालक म्हणतो 'मला परवडत नाही', तेही खरं असतं. पाणी चढवायची मोटार, जिन्यातला दिवा धरून मामांनी १२ लिहिले. "बारा सांगा आणि बिल जिन्यात चिकटवा. कुणी भांडणार नाई."

तिसरा प्रश्न अंतराचा. मी म्हटलं, दहा मिनिटं. मामा हसले. "गाडीवर?" मग आम्ही दोघं चालत निघालो. घरापासून मेन रोड ६ मिनिटं, तिथून ट्यूशन एरिया आणखी १६. एकूण २२. शेअर रिक्षा मेन रोडला सकाळी सहापासून मिळते, रात्री साडेनऊनंतर नाही. त्यानंतर स्पेशल करावी लागते, ८० रुपये. येताना अंधार पडला होता. गल्लीतल्या खांबावरचे दोन दिवे बंद. मामांनी तेही टिपून घेतलं. "रात्रीच्या बॅचची पोरगी असली तर बापाला हे आधी कळाया पाहिजे," म्हणाले. मी त्या गल्लीतून रोज गाडीवर जातो. हेडलाइट असतो, दिवे बंद आहेत हे कधी जाणवलंच नव्हतं.

चौथा प्रश्न त्यांनी वही मिटून विचारला. "कुणाला द्यायची नाई?" मी म्हटलं, असं काही नाही. ते म्हणाले, "तसं सगळेच म्हणतात. मग अहमदपूर-मुखेडहून बाप-लेक एसटीनं येतात, मालक आडनाव विचारतो, आणि म्हणतो कालच गेली रूम. मला तोंड दाखवाया जागा राहात नाई. असलं काई मनात असलं तर आताच सांगा, मी रूम घेत नाई." मी म्हटलं, आडनावाचं काही नाही. हे मात्र खरं होतं, एवढं समाधान.

पाचवा प्रश्न डिपॉझिटचा. "मागच्या पोरांचं किती परत दिलं?"

मी म्हटलं, "सगळं."

तोंडातून निघून गेलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं माझ्याकडं पाहिलं.

मामा म्हणाले, "बरं. मग त्यांचा नंबर द्या."

नंबर कशाला, मी विचारलं. तर ही त्यांची पद्धतच आहे. नवी रूम घेताना मागच्या भाडेकरूला एक फोन करायचा. पाणी, लाइट, डिपॉझिट, मालकाचा स्वभाव. दोन मिनिटात सगळं कळतं. मालक नंबर द्यायला का-कू करायला लागला की समजायचं. मी म्हटलं, शोधून देतो. ते म्हणाले, सावकाश द्या, आणि गेले.

आता खरं काय झालं होतं ते लिहितो. पोरं अहमदपूर तालुक्यातल्या एका गावची. एकाचे वडील रूम रिकामी करायला आले होते. डिपॉझिट ९,००० होतं. मी ६,००० दिले. २,००० रंगाचे कापले, ६०० साफसफाईचे आणि ४०० बाथरूमचा नळ तुटला होता त्याचे. वडिलांनी नोटा मोजल्या नाहीत, खिशात घातल्या, "ठीक आहे सर" म्हणाले आणि गाद्या टेम्पोत टाकायला लागले. मलाही वाटलं, ठीकच आहे. सगळेच कापतात.

मामा गेल्यावर बायको म्हणाली, "रंगाचे दोन हजार घेतले आपण. रंग कुठं दिलाय?"

दिला नव्हता. मेमध्ये पैशाची ओढाताण होती, ते दोन हजार मुलीच्या वह्या-पुस्तकांत गेले. आणि खोली चांगलीच होती, म्हणून रंग पुढं ढकलला. साफसफाईही तिनंच केली होती, अर्ध्या तासात.

त्या रात्री मी वर जाऊन खोली नीट बघितली. पोरांनी काय खराब केलं होतं? अभ्यासाच्या टेबलापाशी पिरिऑडिक टेबलचा तक्ता चिकटवला होता, तिथं टेपनं रंगाचे चार पापुद्रे निघालेले. बस. बाकी भिंत मळकी होती ती तीन वर्षांची मळकी. दुसऱ्या दिवशी मामांना फोन करून मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाले, "वापरानं जुनं होतं ते मालकाचं, मोडलं तर भाडेकरूचं. रंग तुम्ही तीन-चार वर्षांनी देणारच होता, पोरं असोत नसोत. नळ मोडला तो पोरांचा, त्याचं बिल हाय का तुमच्याकडं?" ते होतं, ४०० रुपयांचं.

म्हणजे न्यायानं ८,६०० परत द्यायला हवे होते. २,६०० माझ्याकडं राहिले होते.

त्या वडिलांना फोन लावायला मला दोन दिवस लागले. लावला. म्हटलं, "दादा, डिपॉझिटमध्ये माझी चूक झाली, २,६०० रुपये तुमचे निघतात." पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "राहू द्या की सर." मी म्हटलं, राहू द्या कसं, तुम्ही त्या वेळी बोलला का नाही? तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. तुमाला काय बोलायचं?"

इतक्या वर्षांत माझ्याविषयी बरंच काही ऐकलंय. पुढाऱ्यांनी शिव्या दिल्यात, एकदा नोटीस आलीय. हे वाक्य मात्र अजून जात नाही. ज्या पेपरच्या ओळखपत्रावर मी इतरांना हिशोब विचारतो, त्याच ओळखपत्रामुळं त्या माणसानं मला हिशोब विचारला नव्हता. पैसे त्याच दिवशी फोनवरून पाठवले. मामांना नंबर दिला. त्यांनी खरंच फोन केला.

एक गोष्ट मात्र मी केली नाही, तीही सांगतो, नाहीतर ही पोस्ट म्हणजे तेच 'प्रशस्त हवेशीर' होईल. लाइटचे जादा सव्वातीन रुपये, ६० युनिट, ११ महिने, हे दोन हजारांच्या वर जातात. ते मी परत केले नाहीत. मनाची समजूत घातली की दर आधीच सांगितला होता, पोरांनी कबूल केला होता. समजूत पटते का? अर्धवट.

मग कराराचा विषय निघाला. मी दरवर्षी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवायचो आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं समजायचो. तुमच्यातले बरेच जण हेच समजत असतील. आपल्या राज्यात ते बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून कामाची गोष्ट त्याच कलमात पुढं आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक ते खोटं ठरवत नाही. म्हणजे डिपॉझिट किती, काय कापायचं, हे तोंडी ठेवून मालक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. पण हे भाडेकरूला माहीत नसतं, म्हणून चालून जातं.

खर्चाचंही भूत मोठं करून ठेवलंय. साडेचार हजार भाडं, नऊ हजार डिपॉझिट, अकरा महिने, याला स्टॅम्प ड्युटी फारशी येत नाही, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, ऑनलाइन भरून देणाऱ्याची मजुरी धरून आम्हाला दीड हजार लागले. अर्धे मालकाचे, अर्धे भाडेकरूचे. पोरगं अठराच्या आतलं असेल तर करार आई-वडिलांच्या नावानं करायचा. मामा एक बारीक गोष्टही बघतात. करार १५ जूनपासून केला की अकरा महिने १४ मेला संपतात, नीट होऊन गेलेली असते. तो १ जुलैपासून केला तर पोरगं मेच्या पहिल्या आठवड्यात गावी जातं आणि मालक महिनाभराचं भाडं डिपॉझिटमधून कापतो. निम्मी भांडणं या एका तारखेची असतात.

आणि शेवटची पद्धत, जी कुणालाही फुकटात करता येते. राहायला येण्याच्या दिवशी मालक, भाडेकरू आणि मामा असा तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात फोटो टाकायचे. चार भिंती, पंखा, नळ, खिडकीच्या काचा, संडासचा दरवाजा आणि सबमीटरचं रीडिंग. ग्रुपवर पुन्हा काही बोलायचं नाही. सोडताना तेच फोटो उघडायचे. मोडलं काय आणि जुनं होतं काय, दोन्ही समोर.

तर अखेर आमच्या खोलीची पोस्ट अशी पडली. मी पाच हजार म्हणत होतो, २२ मिनिटं आणि बंद दिवे लिहिल्यावर मामांनी ते साडेचारवर आणलं.

'औसा रोड, आतली बाजू. पहिला मजला, १० बाय १२, दोन मुलांसाठी. भाडं ४,५००. डिपॉझिट ९,०००, सोडल्यावर १५ दिवसांत परत. रंगाचे पैसे कापणार नाहीत, मोडतोडीचे बिल दाखवून. संडास-बाथरूम वेगळं, जिन्याजवळ. नळ आठव्या दिवशी, सहाव्या-सातव्या दिवशी बोअरचं पाणी. मेमध्ये टँकर लागला तर माणशी वाटून. लाइट सबमीटर, १२ रुपये युनिट, बिल जिन्यात लावलेलं असेल. खाट आहे, कपाट नाही, कूलर आपला आणावा. मेन रोड चालत ६ मिनिटं, ट्यूशन एरिया २२ मिनिटं. शेअर रिक्षा सकाळी ६ ते रात्री ९.३०, त्यानंतर स्पेशल ८० रुपये. गल्लीत दोन दिवे बंद आहेत. करार नोंदणीकृत. पहिल्या दिवशी लागणारे पैसे: भाडं ४,५००, डिपॉझिट ९,०००, कमिशन २,२५०, कराराचे निम्मे ७५०, एकूण १६,५००. मालक पत्रकार आहेत, रात्री उशिरा घरी येतात, गेटचा आवाज होतो.'

शेवटची ओळ बायकोनं सांगितली.

चार फोन आले. दोघांनी खोली पाहिली. मुखेडकडचे एक वडील बरोबर १६,५०० मोजून घेऊन आले होते, वेगळ्या पाकिटात. म्हणाले, "पहिल्यांदा असं झालं की घरून जेवढे घेऊन निघालो तेवढेच लागले." पोरं जूनमध्ये राहायला आली, वर्षभर राहिली. या महिन्यात गेली. ग्रुपवरचे फोटो उघडले. खिडकीची एक काच तडकली होती, ३५० रुपये. ८,६५० परत दिले, बाराव्या दिवशी.

गल्लीतल्या दोन दिव्यांपैकी एक लागला. दुसऱ्यासाठी मी परत अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडं आहे.

खोली आता रिकामी आहे. मामांची वही घेऊन ते परवा येणार आहेत. आपल्यातल्या कुणाची खोली द्यायची असेल तर त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आधी घरात बसून, बायकोसमोर, एकदा मोठ्यानं देऊन बघा. आणि मागच्या भाडेकरूचा नंबर शोधून ठेवा. तो देताना हात अडखळला तर काय करायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.